स्पेलिंग ग्राहकाचं, हँडल दुकानाचं

गणपतीत गावी आलेली माणसं मुंबईला परतताना मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ बांधून नेतात. हल्ली दुकानदार सामानासोबत एक वाक्यही देतो, 'यूट्यूबवर आमचं चॅनल आहे हो, इन्स्टावर पण आहे, बघा नक्की.' ग्राहक मान डोलावतो. महिन्याभराने मसाला संपत येतो, बहिणीलाही हवा असतो, म्हणून तो फोन काढतो आणि दुकानाचं नाव टाइप करायला घेतो. नाव त्याला पाठ आहे. ते इंग्रजी अक्षरांत कसं लिहितात, हे मात्र त्याने कधी पाहिलेलंच नाही.

पाहणार कुठे? महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरीत, मराठीत असावी लागते. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हा नियम लागू झाला. शेजारी दुसऱ्या लिपीत लिहायला हरकत नाही, पण मराठी अक्षरं त्याहून लहान चालत नाहीत. छोट्या दुकानावर एवढी जागा कुठली? पाटी मराठीतच रंगते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे नावाचं रोमन स्पेलिंग प्रत्येक ग्राहक स्वतःच्या मनाने तयार करतो. दुकानदाराने वेगळं केलं, मुलाने चॅनल उघडताना तिसरंच केलं, तर हे तिघे एकमेकांना भेटत नाहीत.

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी ठरवायच्या असतात. चॅनलचं नाव ही दुकानाची पाटी आहे आणि हँडल हा दुकानाचा मोबाइल नंबर. एकाच नावाची पाच चॅनलं असू शकतात, जशी एका जिल्ह्यात पाच 'साई किराणा' असतात. नाव मराठीत ठेवा, मोठं ठेवा, मध्ये जागा सोडा, सगळं चालतं. `@` या खुणेपुढे येणारं हँडल मात्र साऱ्या जगात एकाच चॅनलकडे असतं. २०२२च्या शेवटी यूट्यूबने ही हँडलं आणली. नाव शोधताना ग्राहकाकडून एखादं अक्षर चुकलं, तर शोधयंत्र अंदाज बांधून बऱ्याचदा योग्य ठिकाणी पोहोचवतं. हँडलचा पत्ता टाकताना एक अक्षर चुकलं, तर समोर 'हे पान उपलब्ध नाही' येतं, नाहीतर भलत्याचंच चॅनल उघडतं. म्हणून नावाबाबत हौस चालते. हँडलबाबत दुकानदाराने कंजूष असावं.

हँडल निवडायचं म्हणजे आपल्या नावातले कोणते उच्चार रोमनमध्ये फुटतात, ते ओळखायचं. पुष्कळांना वाटतं, 'ळ' आणि 'ण' यांनी घोळ होणार, कारण इंग्रजीत ती अक्षरंच नाहीत. प्रत्यक्षात ही दोन्ही अक्षरं निरुपद्रवी आहेत. 'माळी' लिहिताना सगळे `l` च वापरतात आणि 'ठाण्या'साठी सगळे `n` च. ज्याला दुसरा पर्यायच नाही, तिथे कोणी गोंधळत नाही. गोंधळ होतो तो दोन पर्याय असलेल्या ठिकाणी. 'वडा' कोणी `vada` लिहितो, कोणी `wada`. दोन्ही रूपं आपण हातगाड्यांवर आणि हॉटेलांच्या मेनूकार्डांवर शेजारीशेजारी पाहतो. 'श्री' `shri` होते, `shree` होते, दक्षिणेकडच्या वळणाने `sri` ही होते. 'ज्ञानेश्वर' आपल्याकडे `dny` ने सुरू होतो, हिंदी भाषकाच्या हातून `gy` ने. 'गौरी'त `au` की `ou`, 'छाया'त एक `h` की दोन, 'झुणक्या'ला `z` की `jh`, 'फुला'ला `f` की `ph`, 'कृष्णा'ला `ri` की `ru`. यांतलं काहीही चूक नाही, आणि तीच तर अडचण आहे. मराठी रोमनमध्ये लिहायची शिस्त शाळेत कोणी शिकवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मी घरी जातो' लिहिता लिहिता ज्याने त्याने आपापली पद्धत बसवून घेतली आहे.

मसाल्याच्या दुकानदाराला याचा फटका घरातल्याच शब्दांत बसतो. 'कोकम' इंग्रजी पुस्तकांत आणि बाटल्यांवर बहुधा `kokum` असतं, पण मराठी कानाने ऐकून लिहिणारा `kokam` लिहितो. 'आमसूल'मध्ये सुरुवातीला एक `a` की दोन? 'कुळीथ'मध्ये `i` की `ee`? आपल्या मालाचं नाव हँडलमध्ये घालायचा मोह स्वाभाविक आहे, पण त्या नावाची दोन स्पेलिंगं बाजारात फिरत असतील, तर निम्मे ग्राहक कुंपणाबाहेर राहिलेच म्हणून समजा.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, चिपळूणला एक दुकान आहे, पाटीवर 'श्री गजानन गृहोद्योग' असं नाव. दुकान काल्पनिक, पण अशा नावाची दुकानं गावोगाव सापडतील. मालकाच्या मुलाने हौसेने पूर्ण नाव आणि गाव जोडून `@shreegajanangruhodyogchiplun` असं हँडल ठरवलं. यूट्यूब ३ ते ३० अक्षरांचं हँडल घेतो आणि हे २८ अक्षरांचं आहे, म्हणजे नियमात बसतं. पण ग्राहकाच्या बाजूने पाहा. 'श्री'ची तीन स्पेलिंगं आपण पाहिली. 'गजानन' बहुतेक जण सरळ लिहितात, तरी दुसऱ्या अक्षरावर दोन `a` देणारेही असतात. 'गृहोद्योग' तर अवघडच. `gru` की `gri`, पुढे `ho` की `hu`, अशी चार रूपं सहज निघतात. तीन गुणिले दोन गुणिले चार म्हणजे एकाच पाटीची चोवीस स्पेलिंगं, आणि त्यांतलं एकच आपलं. जोडशब्द तोडून 'गृह उद्योग' लिहिणारे यात धरलेलेच नाहीत.

मग कात्री लावायची. सर्वांत आधी 'श्री' जाऊ दे. पाटीवर, बिलबुकावर, चॅनलच्या नावात 'श्री' राहीलच, तिथे त्याचा मान आहे. हँडलमध्ये तो फक्त चूक करायची एक जागा ठरतो. मग 'गृहोद्योग' जाऊ दे. तसंही गावात त्या दुकानाला कोणी 'गृहोद्योग' म्हणत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, 'गजाननकडून आण.' लोक तोंडाने जे म्हणतात, तेच हँडलमध्ये हवं. नावनोंदणीच्या कागदावर काय आहे, याचा इथे संबंध नाही. चार दिवस गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक आपल्या दुकानाला काय म्हणतं ते नुसतं ऐकलं, तरी अर्धं काम होतं.

उरलं `gajanan`. ते एकटं मिळण्याची आशा धरू नये. गजानन, साई, समर्थ, लक्ष्मी ही नावं महाराष्ट्रात इतकी आहेत की ती केव्हाच गेलेली असणार. अशा वेळी अ‍ॅप स्वतःच मागे दोन-चार आकडे लावून पर्याय सुचवतं आणि घाईत असलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. तसं करू नये. `gajanan4827` मधला आकडा ग्राहकाला आठवण्याचं काहीच कारण नाही. दुकान १९७२ सालचं असेल, तरी ते साल मालकाला प्रिय असतं, ग्राहकाच्या लक्षात ते राहत नाही. शिवाय 'चार' ऐकून कोणी `4` लिहील, कोणी `char`.

आकड्यापेक्षा गावाचं नाव बरं. ग्राहकाला ते आधीच ठाऊक असतं आणि बऱ्याच गावांचं रोमन स्पेलिंग त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. रेल्वेच्या तिकिटावर, स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर `CHIPLUN` असं लिहिलेलं असतं. चाकरमान्याने कोकण रेल्वेचं आरक्षण करताना ते स्वतः टाइपही केलेलं असतं. सातारा, सांगली, जळगाव यांचंही तसंच. ज्या गावांची नावं अलीकडे बदलली, तिथे मात्र जपून. जुनं स्पेलिंग अजून बोटांत बसलेलं असतं, नवं अजून रुळायचं असतं. `chhatrapatisambhajinagar` एवढ्यातच २४ अक्षरं जातात, दुकानाच्या नावाला सहा उरतात. अशा शहरातल्या दुकानदाराने गावाऐवजी आपल्या पेठेचं किंवा चौकाचं नाव घ्यावं, अर्थात ते सोपं असेल तर.

आपल्या दुकानाला `@gajananchiplun` जमतं. चौदा अक्षरं, पहिल्याच्या निम्मी. 'गजानन, चिपळूण, दोन्ही जोडून' एवढं सांगितलं की काम भागतं. यात मसाल्याचा उल्लेख नाही, अशी मालकाची तक्रार असेल. ते काम चॅनलच्या नावावर सोपवावं. `gajananmasale` हा पर्यायही वाईट नव्हता, पण असं हँडल दुसऱ्या गावातल्या कोणा गजाननने आधीच घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. शिवाय फोनच्या कीबोर्डची आपोआप दुरुस्ती `masale` चं `masala` करून टाकू शकते.

दोन शब्द जोडताना सांध्याकडे बघावं. पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर एकच असेल, तर लोक त्यातलं एक खातात. हेच दुकान फरसाणाचं असतं आणि हँडल `gajanannamkin` ठेवलं असतं, तर मधल्या दोन `n` पैकी एक हमखास गळाला असता. `gajanan` आणि `chiplun` यांच्या सांध्यात ती भानगड नाही.

मग मध्ये खूण टाकून शब्द वेगळे दाखवावेत का? दिसायला बरं दिसतं, म्हणून अनेक जण `gajanan_chiplun` करतात. माझं मत विरुद्ध आहे, आणि त्याला कारण आहे. यूट्यूब हँडलमध्ये टिंब, आडवी रेघ आणि खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, हे सगळं चालवून घेतो. इन्स्टाग्राम टिंब आणि अंडरस्कोर घेतो, पण मधली आडवी रेघ घेत नाही. फेसबुक पेजच्या नावात अंडरस्कोरही चालत नाही. टिंब चालतं, पण फेसबुक ते हिशेबातच धरत नाही. तिन्हीकडे एकच हँडल हवं असेल, तर साधी रोमन अक्षरं आणि आकडे एवढंच हाती राहतं. फेसबुकला किमान पाच अक्षरं लागतात, इन्स्टाग्रामला तीसच्या वर चालत नाहीत, हेही लक्षात असू द्यावं. आणि काउंटरवरचा अनुभव काय सांगतो? साठीच्या मावशींना 'गजानन अंडरस्कोर चिपळूण' सांगून पाहा. अंडरस्कोर म्हणजे काय इथपासून सुरुवात, मग कीबोर्डवर तो शोधायला चिन्हांचं पान उघडायचं, आणि तोवर मागचं गिऱ्हाईक सुट्टे पैसे मागत असतं. लिंकखाली रेघ मारून छापलं, तर अंडरस्कोर त्या रेघेत दिसेनासाच होतो.

शब्द वेगळे दाखवायला मोठी अक्षरं पुरेशी आहेत. यूट्यूबचं हँडल मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाही, म्हणून पिशवीवर `@GajananChiplun` छापलं आणि ग्राहकाने सगळं लहान टाइप केलं, तरी तो योग्य जागी पोहोचतो. वाचणाऱ्याला दोन शब्द दिसतात, लिहिणाऱ्याला काही वेगळं करावं लागत नाही.

आता मराठीच्या अभिमान्यांचा रास्त प्रश्न, हँडलच देवनागरीत का नको? यूट्यूब आता रोमनखेरीज इतर लिप्याही हँडलमध्ये घेतो. मला स्वतःला ते आवडलं असतं. पण इन्स्टाग्रामवर ते चालत नाही, म्हणजे दोन हँडलं सांभाळणं आलं. 'चिपळूण' लिहिताना दीर्घ ऊ की ऱ्हस्व उ, हा घोळ देवनागरीतही आहेच. आणि खरी गंमत लिंक कॉपी केल्यावर कळते. इंटरनेटच्या पत्त्यात देवनागरी अक्षर बऱ्याच ठिकाणी सांकेतिक रूपात उतरतं. एका 'म'चं रूप असं दिसतं:

```
%E0%A4%AE
```

एका अक्षरासाठी नऊ खुणा. 'मसाले' या शब्दात दोन मात्रा धरून पाच घटक आहेत, म्हणजे पंचेचाळीस खुणांची माळ. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लिंक आली, तर ग्राहकाला ती फसवणुकीची वाटते, आणि त्याला दोष देता येत नाही.

देवनागरीची खरी जागा चॅनलच्या नावात आहे. आपल्या दुकानाचं नाव 'श्री गजानन मसाले, चिपळूण' असं ठेवावं आणि त्याच ओळीत पुढे `Gajanan Masale` जोडावं. मग माइक दाबून बोलून शोधणारा असो की रोमनमध्ये टाइप करणारा, दोघांनाही काही तरी धागा मिळतो. यूट्यूब स्टुडिओत चॅनलचं नाव आणि माहिती दुसऱ्या भाषेतही भरायची सोय आहे, ती बरेच दुकानदार वापरतच नाहीत. इन्स्टाग्रामवरही हँडलच्या खाली नावाची वेगळी जागा असते आणि शोधताना तिचाही विचार होतो. तिथे मालकाचं नाव घालण्यापेक्षा दुकान, माल आणि गाव घालावं.

एक जुनी खोडही तपासून घ्यावी. ज्यांनी काही वर्षांपूर्वी मराठी नावाने चॅनल उघडलं आणि हँडलकडे लक्षच दिलं नाही, त्यांना यूट्यूबने आपल्या मनाने हँडल देऊन टाकलेलं असतं. मराठी नावापासून रोमन हँडल बनवता आलं नाही, तर ते बहुधा `@user-` ने सुरू होतं आणि पुढे अर्थहीन अक्षरं-आकड्यांची खिचडी असते. आपलं हँडल असं आहे का, हे स्टुडिओतल्या कस्टमायझेशनच्या पानावर दिसतं, आणि तिथेच ते बदलताही येतं.

ठरवलेलं हँडल चाललं की नाही, याची परीक्षा काउंटरवरच घ्यावी. घरच्यांवर घेऊ नये, त्यांना उत्तर ठाऊक असतं. दहा गिऱ्हाइकं निवडावीत, त्यात दोन-तीन वयस्कर, एखादं हिंदी भाषक, एखादं कॉलेजातलं पोर. त्यांना हँडल एकदाच, तोंडी सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि त्यांच्याच फोनवर टाइप करायला लावायचं. काय लिहिलं ते कागदावर उतरवून घ्यायचं. आठ-नऊ जणांचं बरोबर आलं, तर हँडल चांगलं. पाच-सहा जणांचं आलं, तर चुका वेगवेगळ्या आहेत की सगळे एकाच जागी अडखळले, ते पाहावं. चार जणांनी मिळून एकच 'चूक' केली असेल, तर ती चूक समजू नये. ते लोकांचं स्पेलिंग आहे आणि आपणच ते घ्यावं. तिसऱ्या दिवशी त्यांतलं कोणी पुन्हा आलं, तर सहज विचारावं, 'काय होतं हो आपल्या चॅनलचं नाव?' टाइप करता येणं वेगळं, लक्षात राहणं वेगळं. पहिल्या परीक्षेत पास झालेली काही हँडलं दुसऱ्या परीक्षेत नापास होतात.

कागदावरचं एक स्पेलिंग ग्राहकाच्या नजरेखालून रोज जातं, पण दुकानदाराच्या ध्यानात येत नाही. यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला की पैसे पाठवण्याआधी ग्राहकाच्या फोनवर रोमनमध्ये नाव येतं. ते बँकेत नोंदवलेलं असतं. तिथे `GAJANAN` असेल, तर हँडलमध्ये `gajaanan` घालण्यात अर्थ नाही. शक्य तिथे दोन्ही एकसारखं ठेवावं. नियमित गिऱ्हाइकाने आपलं रोमन स्पेलिंग पाहिलेलं असतं, ते बहुधा तिथेच.

हँडल मोकळं आहे का हे पाहायला ब्राउझरमध्ये `youtube.com/@gajananchiplun` असं टाकावं. कोणाचं पान उघडलं तर विषय संपला. काहीच उघडलं नाही, तरी ते मिळेलच असं नाही. खरं उत्तर स्टुडिओत भरल्यावरच कळतं. यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्हीकडे मिळत असेल, तर एकाच दिवशी घेऊन टाकावं, वापर पुढच्या वर्षी सुरू करायचा असला तरी. व्हॉट्सअ‍ॅप चॅनलची गोष्ट निराळी. तिथे हँडल नसतं, लांबलचक लिंक असते आणि नाव कोणाशीही जुळू शकतं. म्हणून तिथे नावातच गाव हवं. आपला मसाला पाकिटात भरून नावाने विकायचा असेल, तर त्या नावाचा ट्रेडमार्क मसाल्यांच्या वर्गात, म्हणजे वर्ग ३० मध्ये, कोणी नोंदवलेला नाही ना, हे आधी बघावं. नाहीतर हँडल मिळूनही एक दिवस वकिलाची नोटीस येते.

सगळं करूनही पुढे हँडल बदलावंसं वाटलं, तर यूट्यूब ते चौदा दिवसांत दोनदा बदलू देतो. जुनं हँडल चौदा दिवस आपल्यासाठी राखलेलं असतं आणि तेवढे दिवस दोन्ही पत्ते चालतात. त्यानंतर जुनं मोकळं होतं, दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. मग वर्षापूर्वी छापलेल्या पिशव्या आपल्याच गिऱ्हाइकाला भलत्याच्या चॅनलवर पाठवू लागतात. छापील क्यूआरचंही तेच, कारण त्या चौकोनात जो पत्ता भरला तोच राहतो. त्याला एक उपाय आहे. प्रत्येक यूट्यूब चॅनलला `UC` ने सुरू होणारा चोवीस अक्षरांचा कायमचा क्रमांक असतो. तो हँडल बदललं तरी बदलत नाही. छापायच्या क्यूआरमध्ये हँडलचा पत्ता न घालता हा घालावा:

```
youtube.com/channel/UC...
```

तो कोणाला टाइप करायचा नसतो, त्यामुळे लांब असला तरी बिघडत नाही. क्यूआरच्या खाली मोठ्या अक्षरांत हँडल छापावं, कारण पिशवी मुंबईला बहिणीच्या घरी पोहोचते आणि मसाला मात्र फोनवर बोलताना विचारला जातो. आणि पिशव्यांची ऑर्डर काउंटरवरची परीक्षा झाल्याशिवाय छापखान्यात देऊ नये. दहा गिऱ्हाइकांची परीक्षा फुकट होते, पाच हजार पिशव्या होत नाहीत.